तोंड धुवा की चूळ भरा: एसडीएसमधली धोक्याची वाक्ये बंगालीत नेताना

कॉस्टिक सोडा फ्लेक्सची २५ किलोची गोणी महाराष्ट्रातून निघून चितगाव बंदरामार्गे नारायणगंजच्या एखाद्या डाइंग युनिटमध्ये पोचते, तेव्हा तिच्यासोबत सोळा विभागांचा एक कागद जातो: सेफ्टी डेटा शीट, म्हणजे एसडीएस. गोणी फोडणारा माणूस इंग्रजी वाचत नाही. म्हणून त्या कागदातली धोक्याची आणि खबरदारीची वाक्ये बंगालीत द्यावी लागतात. कापड उद्योगातल्या रसायनांच्या एसडीएसची बंगाली भाषांतरे करण्याचे आणि तपासण्याचे काम मी करते. बंगाली माझी मातृभाषा नाही, शिकलेली भाषा आहे. या कामात नव्याने येणाऱ्या मराठी माणसासाठी ही पद्धत पायरीपायरीने मांडते आहे. सुरुवातीला ती मला कोणी सांगितली असती तर बऱ्याच चुका टळल्या असत्या.

एसडीएस सगळा एकाच पद्धतीने भाषांतरित होत नाही, हे आधी ध्यानात घ्या. विभाग ९ मधला उत्कलनबिंदू किंवा विभाग १४ मधली वाहतुकीची माहिती हे साधे तांत्रिक भाषांतर असते. विभाग २ मधल्या H आणि P या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळींचे मात्र तसे नाही. ती वाक्ये कंपनीने लिहिलेली नसतात. रसायनांचे धोके ठरवण्याच्या आणि लेबलवर मांडण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस पद्धतीत, म्हणजे 'पर्पल बुक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या परिशिष्ट ३ मध्ये, प्रत्येक वाक्याला क्रमांक आणि ठरलेला मजकूर आहे. H म्हणजे धोका: H2 ने सुरू होणारे क्रमांक आग-स्फोटासारख्या भौतिक धोक्यांचे, H3 चे आरोग्याचे, H4 चे पर्यावरणाचे. P म्हणजे खबरदारी: P2 प्रतिबंध, P3 काही झाल्यास काय करायचे, P4 साठवण, P5 विल्हेवाट.

हे पुस्तक संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांमध्ये निघते. बंगाली त्यांत नाही. युरोपीय संघाच्या नियमात ही वाक्ये तिथल्या सगळ्या अधिकृत भाषांमध्ये शब्दशः छापलेली आहेत, पण बंगाली तिथेही अर्थातच नाही. त्यामुळे फ्रेंच किंवा स्पॅनिश भाषांतरकार तयार वाक्य उचलून ठेवतो, तसे आपल्याला करता येत नाही. आपले 'प्रमाण वाक्य' आपणच एकदा ठरवायचे, तपासून घ्यायचे आणि त्यानंतर त्याला हात लावायचा नाही. या कामाचा खरा गाभा एवढाच आहे. एकच H319 पहिल्या कागदात एका शब्दांत आणि दुसऱ्यात वेगळ्या शब्दांत आला, तर कामगाराला वाटते की हे दोन वेगळे धोके आहेत.

पहिली पायरी: वाक्य नव्हे, क्रमांक पकडा

एसडीएस हाती आला की भाषांतराला लगेच बसू नका. विभाग २ मधले सगळे H आणि P क्रमांक एका कोऱ्या पानावर उतरवा आणि प्रत्येकासमोरचा इंग्रजी मजकूर परिशिष्ट ३ मधल्या मजकुराशी ताडून पाहा. क्रमांक आणि मजकूर जुळत नाहीत असे कागद दिसतात त्याहून जास्त असतात. क्रमांक H318 चा आणि समोर वाक्य H319 चे, हा नेहमीचा प्रकार. पहिला म्हणजे डोळ्याला गंभीर इजा, दुसरा म्हणजे डोळ्याची तीव्र जळजळ. इथे भाषांतरकाराने 'बहुधा हे असेल' म्हणून निवड करायची नसते. थांबायचे आणि एसडीएस तयार करणाऱ्याला विचारायचे. धोक्याचे वर्गीकरण हे त्याचे काम आहे, आपले नाही.

कधी कागदावर H ऐवजी R35, S26 असे क्रमांक दिसतात. ही युरोपातली जुनी पद्धत आहे आणि ती तिथे २०१५ मध्ये रद्द झाली. असा कागद आला तर भाषांतर करू नका, नवा एसडीएस मागवा. R35 ला अंदाजाने H314 समजून पुढे जाणे म्हणजे पुन्हा वर्गीकरण आपल्या हातात घेणे.

दुसरी पायरी: वाक्यांआधी शब्द ठरवा

H वाक्ये मोजक्याच शब्दांवर उभी असतात. तीव्रतेची एक शिडी असते आणि तिच्या प्रत्येक पायरीला एकच बंगाली शब्द हवा. मी वाक्यांचा तक्ता करायच्या आधी शब्दांचा तक्ता केला, आणि तोच सर्वांत जास्त उपयोगी पडला.

डोळे आणि त्वचा यांचीच शिडी घ्या. इंग्रजीत इजा आणि जळजळ हे दोन वेगळे शब्द आहेत. बंगालीत इजेला 'क्षति' आणि जळजळीला 'ज्वाला' असे ठरवले, की मग ते कधीही अदलाबदल होऊ द्यायचे नाहीत. 'ज्वाला' शब्द पाहून मराठी माणूस दचकतो, कारण आपल्याकडे ज्वाला म्हणजे आगीची. बंगाली माणूस मात्र 'चोखे ज्वाला' म्हणजे डोळे चुरचुरणे हेच समजतो. 'प्रदाह' हाही शब्द कोशात सापडेल, पण तो डॉक्टरांच्या भाषेतला, सूज-दाह या अर्थाचा आहे. गोणी फोडणाऱ्याच्या कानाला 'ज्वाला' ओळखीचा आहे. तीव्रतेसाठी 'गुरुतर' हा शब्द मी डोळ्यांच्या वाक्यांना ठेवला आणि त्वचा भाजण्यासाठी 'मारात्मकभाबे'.

दुसरी शिडी गिळण्याची: H300 म्हणजे गिळल्यास मृत्यू, H301 म्हणजे विषारी, H302 म्हणजे अपायकारक. इथे 'विषाक्त' हा शब्द H301 च्या पायरीसाठी राखून ठेवा. जरा जोर यावा म्हणून तो H302 ला लावला, तर H301 चा कागद येईल त्या दिवशी तुमच्याकडे शब्द उरणार नाही. तिसरी शिडी खात्रीची: एखादी गोष्ट 'करे', 'करते पारे' आणि 'करे बले सन्देह करा हय', म्हणजे करते, करू शकते, आणि करते असा संशय आहे. H350 आणि H351 या कर्करोगाच्या दोन वाक्यांमध्ये फरक आहे तो एवढाच.

इंग्रजी वाक्य संदिग्ध वाटले तर दुसऱ्या अधिकृत भाषेतला मजकूर पाहा. H314 चे इंग्रजी वाक्य त्वचा गंभीरपणे भाजणे आणि डोळ्यांना इजा असे आहे. त्यातला 'गंभीर' हा शब्द फक्त भाजण्याला लागतो की डोळ्यांच्या इजेलाही, हे इंग्रजीत नीट कळत नाही. युरोपीय फ्रेंच मजकुरात डोळ्यांच्या इजेलाही 'गंभीर' हे विशेषण स्पष्ट लावलेले आहे. म्हणून माझ्या बंगाली वाक्यात 'गुरुतर क्षति' आले.

मराठी माणसासाठी इथे एक वेगळा सापळा आहे, आणि तो बंगाली मित्रांच्या लक्षात येत नाही. बरेच शब्द दोन्ही भाषांमध्ये सारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतात. 'धोका' या आपल्या शब्दाचा बंगाली जुळा 'धोँका' म्हणजे फसवणूक. लेबलवरचा इशारा देणारा संकेतशब्द म्हणून 'बिपद' हवा. आपली 'सूचना' बंगालीत 'सुरुवात' होते, म्हणून 'सुरक्षा सूचना' असे शीर्षक दिले तर ते 'सुरक्षेचा आरंभ' असे वाचले जाईल. तिथे 'निर्देश' म्हणा. 'अपघात' बंगालीत गेला की त्याचा अर्थ अपमृत्यू होतो, साध्या अपघाताला तिकडे 'दुर्घटना' म्हणतात. 'उपचार' म्हणजे पूजेचे साहित्य, वैद्यकीय उपचाराला 'चिकित्सा'. आणि सर्वांत घातक जोडी म्हणजे आपला 'दाहक' आणि त्यांचा 'दाह्य'. आपण कॉस्टिकला सहज दाहक म्हणतो. बंगालीत 'दाह्य' म्हणजे पेट घेणारा. कॉस्टिक सोडा पेट घेत नाही, तो क्षयकारी आहे. गोणीवर 'दाह्य' लिहिले तर माणूस आगपेटी दूर ठेवेल, पण हातमोजे घालणार नाही.

तिसरी पायरी: पाणी कोणाचे ते ठरवा

बंगाली एसडीएस म्हणजे एक कागद नसतो. बांगलादेशात पाण्याला 'पानि' म्हणतात, पश्चिम बंगालमध्ये 'जल'. प्रथमोपचाराच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात पाणी येते, त्यामुळे हा फरक झाकता येत नाही. दोन्हीकडच्या माणसाला दुसरा शब्द कळतो, हे खरे. पण आपल्या घरचा नसलेला शब्द दिसला की कागद परका वाटतो, आणि परका कागद माणूस बाजूला ठेवतो. धूळही बदलते: तिकडे 'धुला', इकडे 'धुलो'. हातमोजांचेही तसेच: बांगलादेशात 'हातमोजा' किंवा 'ग्लाभस', पश्चिम बंगालच्या छापील मजकुरात 'दस्ताना'.

म्हणून तक्त्यात दोन स्तंभ ठेवा, एक बांगलादेशचा आणि एक पश्चिम बंगालचा. मुर्शिदाबाद, मालदा भागातून महाराष्ट्रात कामाला आलेल्या कामगारांसाठी कागद करत असाल तर दुसरा स्तंभ वापरायचा. जिथे दोन्हीकडे चालणारा शब्द आहे तिथे तोच घ्या. 'जामाकापड़' हा असा एक शब्द आहे. नुसते 'कापड़' म्हटले तर कोलकात्याकडे काहींच्या डोळ्यासमोर साडी-धोतर येते, 'जामाकापड़' म्हटले की अंगावरचे सगळेच कपडे येतात.

चौथी पायरी: P वाक्यांतल्या खुणा वाचा

बहुतेक H वाक्ये जशीच्या तशी छापायची असतात. P वाक्यांत मात्र काही मोकळ्या जागा असतात, आणि नवे लोक त्यांचे डोळे झाकून भाषांतर करतात. तिरकी रेघ आली की पर्यायांतून लागू असेल ते पुरवठादाराने निवडायचे असते. P260 मध्ये धूळ, धूर, वायू, तुषार, वाफ, फवारा असे सहा पर्याय ओळीने असतात. फ्लेक्सच्या गोणीला त्यातले धूळ लागू, वायू नाही. तीन टिंबे आली की तिथे पुरवठादाराने माहिती भरायची असते. एसडीएसमध्ये सहाही पर्याय तसेच राहिले असतील किंवा टिंबे उरली असतील, तर तो मूळ कागद अपुरा आहे. तुम्ही सहा बंगाली शब्द तिरक्या रेघांनी जोडून दिले तर कामगाराला त्यातून काहीच कळणार नाही. पुरवठादाराला नेमके विचारा: यातले कोणते?

इंग्रजीत 'गिळल्यास', 'डोळ्यात गेल्यास' हे भाग मोठ्या अक्षरांत छापतात. बंगाली लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. तो भाग ठळक करून पुढे विसर्ग-चिन्हासारखे दिसणारे अपूर्णविराम द्या. 'जर' हा अर्थ बंगाली क्रियापदाच्या शेवटच्या 'ले' मध्ये असतो: 'चोखे गेले' म्हणजे डोळ्यात गेले तर, 'त्वके लागले' म्हणजे त्वचेला लागले तर. मराठी मुद्रितशोधकाला हे 'गेले', 'लागले' भूतकाळी वाटतात आणि तो ते सुधारायला जातो. त्याला हे आधी सांगून ठेवा.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला. P330 चा अर्थ तोंड आतून धुवा, म्हणजे चूळ भरा. मी पहिल्यांदा लिहिले 'मुख धुये फेलुन'. व्याकरण बरोबर होते, कोशही बरोबर होता. नारायणगंजच्या एका डाइंग युनिटमधले सुपरवायझर भाई मला कागद फोनवर वाचून दाखवत असत. ते त्या ओळीवर थांबले आणि म्हणाले, "आपा, कॉस्टिक गिळल्यावर चेहरा कशाला धुवायचा?" बंगालीत 'मुख' म्हणजे तोंडही आणि चेहराही. 'मुख धोया' म्हटले की सकाळी उठून चेहऱ्यावर पाणी मारणे डोळ्यासमोर येते. आपल्या मराठीतही 'तोंड धू' म्हणजे तेच, आणि तरीही माझ्या लक्षात आले नव्हते. आपल्याकडे जशी चूळ, तशी बंगालीत 'कुलि'. P330 साठी 'कुलि करुन' हे दोन शब्द पुरतात. त्यात पाणी गृहीतच आहे, म्हणून 'पानि दिये' वेगळे जोडायची गरज नाही. याच कारणाने P280 मध्ये चेहऱ्याचे संरक्षण सांगताना नुसते 'मुख' न लिहिता 'मुखमण्डल' लिहा.

त्याच्या पुढचेच वाक्य P331: उलटी करवू नका. कॉस्टिक गिळलेल्या माणसाला उलटी करवली तर ते अन्ननलिकेतून दुसऱ्यांदा वर येते आणि पुन्हा भाजते. बंगालीत हे वाक्य 'बमि कराबेन ना' असे आहे. यातल्या 'रा'चा काना गळला की 'बमि करबेन ना' होते, म्हणजे 'तुम्ही उलटी करू नका'. एका कान्याने मदतनीसाला दिलेली सूचना रुग्णाला दिल्यासारखी होते. शब्दलेखन तपासणारे सॉफ्टवेअर हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. हा शब्द प्रत्येक कागदावर डोळ्यांनीच पाहावा लागतो.

आणि 'ना' शेवटी येतो. लेबलच्या अरुंद रकान्यात ओळ मोडली आणि 'ना' खालच्या ओळीवर गेला, की वरच्या ओळीवर 'उलटी करवा' एवढेच उरते. घाबरलेला माणूस खालची ओळ वाचेल याचा भरवसा नाही. 'कराबेन' आणि 'ना' यांच्यामध्ये साधी मोकळी जागा न देता न तुटणारी मोकळी जागा द्या. शब्दप्रक्रियेच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती Ctrl+Shift+Space ने येते. युनिकोडमध्ये ती U+00A0 आहे.

पाचवी पायरी: एक कागद शेवटपर्यंत

कॉस्टिक सोडा फ्लेक्सचाच कागद घेऊ, बांगलादेशसाठी. संकेतशब्द 'बिपद'. धोक्याची वाक्ये दोन: H290, धातू क्षरण करू शकते, आणि H314. H314 मध्ये डोळ्यांची गंभीर इजा आलेलीच आहे, म्हणून लेबलवर H318 वेगळे नसेल तर ते राहून गेले असे समजू नका. धोक्याच्या ओळींची आणि जवळच्या शिडीतल्या वाक्यांची माझ्या तक्त्यातली नोंद अशी आहे:

```
H290	ধাতু ক্ষয় করতে পারে।
H314	ত্বক মারাত্মকভাবে পুড়িয়ে দেয় এবং চোখের গুরুতর ক্ষতি করে।
H315	ত্বকে জ্বালা সৃষ্টি করে।
H318	চোখের গুরুতর ক্ষতি করে।
H319	চোখে গুরুতর জ্বালা সৃষ্টি করে।
```

H315 आणि H319 या कागदाला लागत नाहीत, पण तीच गोष्ट पातळ केली की लागतात. युरोपीय यादीनुसार सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, २ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर भाजणारे, ०.५ ते २ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर जळजळ करणारे. एकाच कारखान्यात गोणी आणि पातळ द्रावणाचा कॅन शेजारी उभे असतात आणि त्यांची वाक्ये वेगळी असतात. म्हणून ही पाचही वाक्ये एकमेकांशेजारी ठेवून वाचा. H318 आणि H319 वाचून कोणते जास्त वाईट हे बंगाली माणसाने पटकन सांगितले नाही, तर शब्द चुकले आहेत.

आता खबरदारी. P260 मधून पुरवठादाराने धूळ निवडली. प्रथमोपचाराची चार वाक्ये जोडवाक्ये आहेत, म्हणजे अधिकच्या चिन्हाने जोडलेले क्रमांक. त्यांचा तक्ता जोडूनच ठेवा, तोडून पुन्हा जुळवू नका, कारण जोडले की इंग्रजीसारखेच बंगालीचेही वाक्य थोडे बदलते.

```
P260	ধুলা শ্বাসের সঙ্গে নেবেন না।
P301+P330+P331	গিলে ফেললে: কুলি করুন। বমি করাবেন না।
P303+P361+P353	ত্বকে (বা চুলে) লাগলে: রাসায়নিক লাগা সব জামাকাপড় সঙ্গে সঙ্গে খুলে ফেলুন। ত্বক পানি দিয়ে ধুয়ে ফেলুন।
P304+P340	শ্বাসের সঙ্গে গেলে: ব্যক্তিকে খোলা বাতাসে নিয়ে যান এবং সহজে শ্বাস নিতে পারেন এমন অবস্থায় রাখুন।
P305+P351+P338	চোখে গেলে: কয়েক মিনিট ধরে সাবধানে পানি দিয়ে ধুতে থাকুন। কনট্যাক্ট লেন্স থাকলে এবং সহজে খোলা গেলে খুলে ফেলুন। ধুতে থাকুন।
```

यातल्या दोन निवडी समजावून सांगते. इंग्रजीत 'दूषित कपडे' आहे. 'दूषित' हा शब्द बंगालीत आहे, पण तो ऐकून नदीचे किंवा हवेचे प्रदूषण आठवते. मी 'रासायनिक लागा' म्हणजे 'रसायन लागलेले' असे घेतले. अर्थ कमी होत नाही आणि कपडा कोणता हे लगेच कळते. P वाक्यांत असा किरकोळ फरक जीएचएसला चालतो, इशारा पातळ होत नसेल तर. H वाक्यांत मी असे करत नाही. दुसरी निवड डोळ्यांच्या वाक्यातली. शेवटचे 'धुते थाकुन', म्हणजे धुत राहा, हे पहिल्याच वाक्यात आलेले आहे म्हणून संपादक कापायला निघतात. ते कापू देऊ नका. लेन्स काढून झाल्यावर माणूस थांबतो, त्याला पुन्हा पाण्याखाली पाठवण्यासाठीच ते तिथे आहे.

डॉक्टरला किंवा विषबाधा केंद्राला ताबडतोब फोन करा असे सांगणारे P310 हे वाक्य जुन्या कागदांवर दिसेल. जीएचएसच्या नव्या आवृत्त्यांत ते बदलून तातडीची वैद्यकीय मदत घ्या असे सांगणारे P316 आले आहे. कागदावर जो क्रमांक असेल त्याचेच भाषांतर करा, दोन आवृत्त्यांची सरमिसळ करू नका. P310 मध्येही तिरकी रेघ आहे. तिथून प्रत्यक्षात फोन करता येईल असे विषबाधा केंद्र पुरवठादाराने दिलेले नसेल, तर डॉक्टर हा पर्याय निवडायला सांगा. विभाग १ मध्ये आणीबाणीचा फोन क्रमांक असतो. तो भारतातला असेल आणि फक्त कार्यालयीन वेळेत उचलला जाणार असेल, तर तेही पुरवठादाराच्या कानावर घाला. बांगलादेशाचा राष्ट्रीय आणीबाणी क्रमांक 999 आहे.

आता आकडे. बंगाली चार हा अंक इंग्रजी आठसारखा दिसतो आणि बंगाली सात इंग्रजी नऊसारखा. आपल्या देवनागरी डोळ्यांनाही तो गोंधळ होतो:

```
৪ = 4
৭ = 7
```

क्षारता, टक्केवारी, तापमान, फोन क्रमांक, H आणि P क्रमांक हे सगळे मी इंग्रजी अंकांतच ठेवते, आणि एका कागदात दोन प्रकारचे अंक कधी मिसळत नाही. बंगाली अंकच हवेत असे ग्राहकाने सांगितले तर संपूर्ण कागदात तेच, आणि मग प्रत्येक चार आणि सात कोणीतरी बोट ठेवून तपासायचा.

सहावी पायरी: छापखान्यात आणि कानावर

बांगलादेशातल्या बऱ्याच छापखान्यांत अजून बिजॉय पद्धतीचे जुने फॉन्ट चालतात, सुतन्नी एमजे त्यातला ओळखीचा. युनिकोडमधला मजकूर त्यात बदलताना जोडाक्षरे आणि रफार मोडतात. 'क्षति'मधला 'क्ष', 'सतर्कता'मधला रफार, 'पुड़िये'मधला नुक्ता या तीन जागा छापील प्रूफवर आधी पाहा. त्या शाबूत असतील तर बाकीचे सहसा शाबूत असते. फाइल पाठवताना सोबत पीडीएफ पाठवा, म्हणजे समोरच्याला ताडून बघायला काहीतरी असेल.

शेवटची तपासणी वाचून होत नाही, ऐकून होते. उलट भाषांतर करून इंग्रजीशी ताडणे हा प्रकार मी करते, पण त्यावर विसंबत नाही: 'मुख धुये फेलुन'चे उलट भाषांतर इंग्रजीत पुन्हा निर्दोषच आले असते. त्याऐवजी रसायन प्रत्यक्ष हाताळणाऱ्या दोन माणसांना वाक्य मोठ्याने वाचून दाखवा आणि 'कळले का' असे विचारू नका. त्यावर सगळे हो म्हणतात. 'मग तुम्ही काय कराल ते करून दाखवा' असे म्हणा. चूळ भरण्याऐवजी हात चेहऱ्याकडे गेला तर वाक्य बदला. शक्य असेल तर वाचता न येणाऱ्या माणसालाही ऐकवा, कारण कारखान्यात एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात.

अशी तपासलेली ओळ तक्त्यात गेली की तिच्यासमोर तीन गोष्टी लिहून ठेवा: जीएचएसची कोणती आवृत्ती, कोणत्या दिवशी तपासली, बांगलादेश की पश्चिम बंगाल. पर्पल बुक दर दोन वर्षांनी सुधारले जाते, तेव्हा कोणत्या ओळी पुन्हा पाहायच्या ते या नोंदीवरून कळते. ओळ बदलावी लागली तर जुनी पुसू नका, तिच्यावर रेघ मारून खाली नवी लिहा आणि कारण लिहा. माझ्या तक्त्यात P330 समोर अजून 'मुख धुये फेलुन' खोडलेले दिसते आणि शेजारी लिहिले आहे: चेहरा समजतात.

कॉस्टिकच्या या कागदात आता एकच ओळ उरते, P501: आतला माल आणि पिशवी कुठे टाकायची. तिथे तीन टिंबे आहेत आणि पुरवठादाराने ती भरलेली नाहीत. बंगाली वाक्य तयार आहे, पण जागा भरून येईपर्यंत मी तो कागद पुढे सोडत नाही. रिकामी गोणी घरी नेऊन तिच्यात तांदूळ भरणारी माणसे आहेत, आणि त्यांच्यासाठी तीन टिंबांना काही अर्थ नाही.